अमेरिकेहून येणाऱ्या उपकरणाचं लेबल फोटोत कसं वाचाल?

नातेवाईक अमेरिकेहून काही आणणार असतील, तर बॅगेत भरण्याआधी लेबलचा फोटो मागवा. अ‍ॅडॉप्टर वेगळा असेल तर त्याचाही, कारण भिंतीतल्या सॉकेटशी गाठ त्याचीच पडते. फोटो मोठा करून फक्त INPUT ची ओळ पाहा. OUTPUT पुढचे 5V किंवा 19V उपकरणासाठी असतात.

आपल्याकडे घरात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ वीज येते. ओळीत 100-240V~ 50/60Hz असेल, तर फक्त पिन बदलणारा प्लग पुरे. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर बहुधा हेच असतं. फोटो अंधुक असेल तर 100 आणि 240 च्या मधली बारीक रेघ नीट दिसेपर्यंत दुसरा मागवा.

समजा, कॉफीमेकरवर 120V~ 60Hz 900W आहे. पिन बदलून तो थेट लावला, तर व्होल्टेज जवळपास दुप्पट होतं आणि हीटर साडेतीनपटीहून जास्त, म्हणजे सुमारे 3300 वॅट खेचू लागतो. मग काय, जळका वास आणि धूर! त्याला 230 चे 120 करणारा, 900 वॅटहून बऱ्यापैकी जास्त क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो जड आणि महाग असतो. माझ्या मते कॉफीमेकर इथेच घ्यावा.

ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ मात्र बदलत नाही. हीटरला त्याचं काही नाही, पण विजेच्या हर्ट्झवर चालणारं 60Hz चं घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं.