अप्रेंटिसशिपनंतर पर्मनंट? एचआरला केलेला मेल असा बदलला

"ट्रेनिंगनंतर पर्मनंट कराल का?" या प्रश्नाला "परफॉर्मन्स बघून ठरवू" हेच उत्तर येतं. अप्रेंटिस कायदा, 1961 च्या कलम 22 नुसार नोकरी देणं कंपनीला बंधनकारक नाही. पण भरतीचं स्वतःचं धोरण ठरवणं बंधनकारक आहे. शिवाय ट्रेनिंगनंतर तिथेच काम करायची अट करारात असेल, तर योग्य नोकरी देऊ करायला कंपनी बांधील असते. म्हणून जळगाव एमआयडीसीतल्या प्लांटला दुसरा मेल असा केला:

"महोदय, अप्रेंटिस भरतीचं आपलं धोरण कृपया कळवावं. कलम 22 ची अट करारात आहे का? ट्रेनिंगनंतर थेट पर्मनंट, की आधी एफटीसी? भुसावळहून बस, कॅन्टीन आणि नाईट शिफ्ट भत्ता स्टायपेंडमध्येच धरलाय की वेगळा?"

आता मुद्देसूद उत्तर आलं: आधी एफटीसी, बस मोफत, कॅन्टीनचे पैसे स्टायपेंडमधून कापणार. एफटीसी म्हणजे मुदतीची नोकरी, पर्मनंट नव्हे. मुदत आणि पुढचं काय, हे ऑफर लेटरवर लिहून घ्यावं. पीएफचा प्रश्न मुद्दाम टाळला, कारण या कायद्याखालचा अप्रेंटिस पीएफमध्ये येतच नाही.