म्युच्युअल फंडाच्या स्टेटमेंटवर ‘रेग्युलर’ लिहिलंय का, ते आधी बघा

कोथरूडची माझी मावशी ठामपणे म्हणाली, “अरे, एजंटला मी आजवर एक रुपया दिलेला नाही.” स्टेटमेंट उघडलं तर योजनेच्या नावापुढे Regular Plan, आणि शेजारी वितरकाचा ARN नंबर. पैसे जात होते, फक्त बिल येत नव्हतं. फंड चालवायचा खर्च, म्हणजे एक्स्पेन्स रेशो, सांगतात वर्षाचा, पण तो रोज थोडा थोडा एनएव्हीतूनच, म्हणजे एका युनिटच्या किमतीतूनच, वजा होतो. रेग्युलरमध्ये त्यातच वितरकाचं कमिशन असतं. 2013 पासून थेट फंड कंपनीकडून मिळणाऱ्या डायरेक्ट प्लॅनमध्ये ते नसतं. फंड, मॅनेजर, शेअर्स सगळं तेच.

समजा, खर्च धरण्याआधी फंड वर्षाला 12 टक्के वाढतो. डायरेक्टचा खर्च 0.7 टक्के, रेग्युलरचा 1.7. मग 5 लाखांचे 20 वर्षांनी डायरेक्टमध्ये साधारण 42.5 लाख होतात, रेग्युलरमध्ये 35.5 लाख. एका टक्क्याने 7 लाख नेले.

डायरेक्टची एनएव्ही जास्त दिसते म्हणून मावशीला ते महाग वाटलं. खरं तर तिच्यातून कमी कापलं गेलंय, म्हणून ती जास्त आहे.

मात्र सगळं एका दिवसात स्विच करू नका. स्विच म्हणजे करासाठी विक्रीच, आणि वर्षाच्या आतल्या युनिट्सवर बऱ्याचदा लवकर बाहेर पडल्याचं शुल्क, म्हणजे एक्झिट लोडही लागतो. आम्ही रेग्युलरची एसआयपी थांबवली आणि फंड कंपनीच्या साइटवरून त्याच फंडाच्या डायरेक्टमध्ये नवी सुरू केली. जुनी इक्विटी युनिट्स वर्षाला दीर्घकालीन नफा 1.25 लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत राहील, एवढीच हलवतोय.