फायबर सेन्सरचा प्रोजेक्ट मागणारं पत्र: या चुका टाळा

जुलै उजाडला की माझ्याकडे तेच पत्र यायला लागतं. "आदरणीय मॅडम, आम्ही चौघं शेवटच्या वर्षाला आहोत. आम्हाला ऑप्टिकल फायबर सेन्सिंगमध्ये प्रोजेक्ट करायचा आहे. कृपया चांगला विषय सुचवा." पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवायला लागल्यापासून अशी पत्रं मी इतकी वाचली आहेत की पहिल्या दोन ओळींत पुढचं सगळं कळतं. लिहिणारी मुलं हुशार असतात आणि मनापासून लिहितात. पण उत्तर काय द्यावं हे त्या पत्रातून मला कळतच नाही, आणि म्हणून उत्तर लांबतं.

पत्र हातात आलं की मी तीन गोष्टी शोधते. मोजायचं काय आहे? किती ते किती, आणि त्यातला किती लहान फरक दिसायला हवा? आणि कॉलेजच्या लॅबमध्ये आज कपाट उघडलं तर काय सापडेल? या तिन्ही गोष्टी असल्या तर पत्र चार ओळींचं असलं तरी चालतं. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, मला फरक पडत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मोजायचं काय ते ठरवण्याआधी तंत्राचं नाव लिहून मोकळं होणं. "आम्हाला एफबीजी वापरून पुलाचं हेल्थ मॉनिटरिंग करायचं आहे." एफबीजी म्हणजे फायबर ब्रॅग ग्रेटिंग. फायबरच्या गाभ्यात ठरावीक अंतराने अपवर्तनांक बदललेला एक छोटा तुकडा असतो. तो एकच तरंगलांबी आरशासारखी परत पाठवतो, बाकीची पुढे जाऊ देतो. फायबर ताणलं की ही तरंगलांबी सरकते. तापलं तरीही सरकते, आणि हे दुसरं वाक्य पत्रात कधीच नसतं.

काही वर्षांपूर्वी असंच पत्र आलं आणि मी घाईत हो म्हणून टाकलं. ती चूक माझीही होती. ग्रेटिंग मागवली, ती दिवाळीनंतर हाती आली. मुलांनी ॲल्युमिनियमची एक पट्टी घेतली: २०० मिलिमीटर लांब, २५ रुंद, ३ जाड. एक टोक शिकंजात पक्कं केलं, त्याच टोकाजवळ वरच्या बाजूला ग्रेटिंग इपॉक्सीने चिकटवली आणि मोकळ्या टोकाला वजनं टांगायला सुरुवात केली. शेजारच्या विभागातून ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझर दुपारपुरता मिळायचा. पहिल्या दिवशीचा आलेख सुरेख आला. वजन वाढलं की परत आलेल्या तरंगलांबीचं शिखर सरकत होतं, जवळजवळ सरळ रेषेत.

मग वजनं काढली आणि शिखर मूळ जागी परत येईना. मुलांना वाटलं इपॉक्सी सरकतंय. ही शंका रास्त होती, इपॉक्सी खरंच हळूहळू सैल पडतं. त्यांनी दुसरा गोंद आणला, मग तिसरा. दोन आठवडे गेले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी अकरा वाजता पट्टीजवळ स्टूल घेऊन बसले. एकही वजन टांगलं नाही, पट्टीला साधा डिजिटल थर्मामीटर टेपने चिकटवला आणि ॲनालायझरही दिवसभरासाठी मागून घेतला. दर वीस मिनिटांनी दोन आकडे वहीत लिहीत गेले. ती लॅब पश्चिमेकडची, दुपारनंतर खिडकीतून ऊन थेट टेबलावर येतं. तीन वाजेपर्यंत पट्टी ६ अंश तापली होती आणि शिखर ०.२२ नॅनोमीटर सरकलं होतं. वजन शून्य.

हिशेब केला तेव्हा सगळं जागेवर बसलं. १५५० नॅनोमीटरच्या आसपास साधी ग्रेटिंग एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकते, आणि एका मायक्रोस्ट्रेनला सुमारे १.२ पिकोमीटर. मायक्रोस्ट्रेन म्हणजे एक मीटरची वस्तू एक मायक्रॉनने लांबणं. पण ही ग्रेटिंग मोकळी नव्हती, ॲल्युमिनियमला चिकटलेली होती. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं आणि फायबरला सोबत ओढतं. त्याचे झाले साधारण २७ पिकोमीटर, वर मूळचे १०. म्हणजे एका अंशाला ३७ आणि ६ अंशांना सव्वादोनशेच्या आसपास. वहीतला आकडा तोच होता.

आता वजनाची बाजू बघा. त्या पट्टीच्या मोकळ्या टोकाला १०० ग्रॅम टांगले तर शिकंजाजवळ ताण येतो सुमारे ७५ मायक्रोस्ट्रेन, म्हणजे ९० पिकोमीटर. रिकामी पट्टी उन्हाने तापली की अडीचशे ग्रॅम टांगल्यासारखं दाखवत होती. मुलं दोन आठवडे गोंद बदलत होती आणि दोष खिडकीतून येत होता.

याचा उपाय अवघड नाही. पट्टीच्या खालच्या बाजूलाही एक ग्रेटिंग चिकटवायची. वाकताना वरची ताणली जाते, खालची दाबली जाते, पण तापताना दोन्ही एकाच दिशेला तेवढ्याच सरकतात. दोघींच्या सरकण्यातला फरक घेतला की तापमान जातं आणि ताण दुप्पट होऊन उरतो. फक्त दोन्ही ग्रेटिंग वेगळ्या तरंगलांबीच्या हव्यात, म्हणजे एकाच फायबरवर त्या वेगळ्या ओळखू येतात. पण तेव्हा फेब्रुवारी उलटत आला होता, नवी ग्रेटिंग येईपर्यंत सबमिशन झालं असतं. शेवटी त्या मुलांनी त्याच पट्टीचा तापमापक म्हणून नीट अभ्यास केला. एका अंशाला ३७ का येतात आणि १० का नाही, हे त्यांनी तोंडी परीक्षेत फळ्यावर मांडलं. मला तो प्रोजेक्ट आजही आवडतो. पण "१०० ग्रॅम टांगले तर किती पिकोमीटर सरकेल आणि खोली किती तापते?" हा प्रश्न जुलैच्या पत्रात असता तर आम्ही पहिल्यांदाच दोन ग्रेटिंग मागवल्या असत्या.

म्हणून आता माझी सवय अशी आहे. ज्या पत्रात एफबीजी हा शब्द असतो त्याला मी एकच प्रश्न परत पाठवते: तुमच्याकडे तरंगलांबी वाचणार कशावर? ग्रेटिंगची तरंगलांबी वाचणाऱ्या यंत्राची, म्हणजे इंटरोगेटरची किंमत लाखांच्या घरात असते. कॉलेजच्या ॲनालायझरचं रिझोल्युशन ०.१ नॅनोमीटर असेल, तर वर सांगितलेले १०० ग्रॅमचे ९० पिकोमीटर त्या एका पायरीतच मावतात. शिखराला वक्र बसवून त्याहून लहान सरक काढता येते, पण ते काम पहिल्यांदा फायबर हातात घेणाऱ्याचं नाही.

दुसरी चूक छोटी वाटते, पण तीही बरेच महिने खाते. "आमच्याकडे फायबर उपलब्ध आहे." कुठलं? दूरसंचाराच्या सिंगल मोड फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो, प्लॅस्टिक फायबरचा ९८० चा. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ १२ हजार पट फरक पडतो. साध्या लाल एलईडीचा प्रकाश प्लॅस्टिक फायबरमध्ये हाताने धरला तरी शिरतो. सिंगल मोडमध्ये तोच एलईडी लावला तर पलीकडे फोटोडायोडला जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि मुलं सर्किटमध्ये दोष शोधत बसतात. फायबरच्या आवरणावर काय छापलंय ते जसंच्या तसं पत्रात उतरवा. कनेक्टर हिरवा की निळा तेही लिहा: हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, आणि दोघं एकमेकांना जोडायचे नसतात.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. बाईंना "रिस्पेक्टेड सर" लिहू नका. एकच पत्र सात जणांना पाठवून सगळ्यांची नावं वर दिसू देऊ नका. "पेपर पब्लिश होईल असा विषय" मागू नका, अजून एकही मोजणी झालेली नसते. "आम्ही फक्त सिम्युलेशन करू" असं पहिल्याच पत्रात लिहिलंत तर मी दुसऱ्या कुणाकडे जायला सांगते, कारण सिम्युलेशनमध्ये खिडकी नसते. आणि १५५० चा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा "टोकात बघून तपासलं" असं कुणी लिहिलं तर मी आधी फोन करते.

गेल्या वर्षी मात्र एक पत्र आलं, ते मी जपून ठेवलं आहे. मुलगी दौंडकडची, घरचं गुऱ्हाळ. तिने लिहिलं होतं: "मॅडम, उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे वजनाने शेकडा साखर, १५ ते २२ मध्ये असतो. मला एका ब्रिक्सचा फरक दिसायला हवा. लॅबमध्ये एक मिलिमीटरचं प्लॅस्टिक फायबर दहा मीटर, लाल एलईडी, एक फोटोडायोड आणि ऑप-ॲम्प आहेत. घरी हातातला रिफ्रॅक्टोमीटर आहे, त्याच्याशी पडताळीन. साखरेच्या पाण्याचा अपवर्तनांक १५ ब्रिक्सला १.३५६ आणि २० ला १.३६४ असतो, म्हणजे एका ब्रिक्सला सुमारे ०.००१६. फायबर यू आकारात वाकवून एवढं दिसेल का?"

या पत्राला उत्तर द्यायला मला दहा मिनिटं लागली. वाकवलेल्या भागातून प्रकाश बाहेर गळतो, आणि किती गळतो ते बाहेरच्या द्रवाच्या अपवर्तनांकावर ठरतं, त्यामुळे कल्पना बरोबर होती. फायबर उकळत्या पाण्यात धरून पेनाच्या रिफिलभोवती वाकव, आणि तीन-चार यू कर, कारण दोन यू सारखे कधी येत नाहीत. सुरुवात रसाने करू नको: २० ग्रॅम साखर ८० ग्रॅम पाण्यात विरघळव, तो झाला २० ब्रिक्स, असे पाच नमुने कर. प्रत्येक नमुन्यानंतर यू कोमट पाण्याने धू, नाहीतर साखरेचा पापुद्रा पुढच्या वाचनात येतो. रस दहा अंशांनी तापला तर अपवर्तनांक सुमारे ०.००१ ने उतरतो, म्हणजे अर्ध्या ब्रिक्सहून जास्त, तेव्हा थर्मामीटर पातेल्यातच ठेव.

शेवटचा मुद्दा एलईडीचा होता. तो तापत जातो तसा प्रकाश कमी होतो, आणि रस बदलला की एलईडी मंदावला हे एकट्या फोटोडायोडला सांगता येत नाही. म्हणून मी लिहिलं: यू नुसता पाण्यात ठेवून अर्धा तास वाचनं घे. ती जेवढी घसरतील ते एका ब्रिक्सच्या बदलाशेजारी मांड आणि मला पाठव. आणि शनिवारी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ जाशील तेव्हा तसाच आणखी एक फोटोडायोड आण, तो थेट एलईडीसमोर बसवायचा आहे.