महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी नऊ

हडपसरच्या गोदामाचा साठा-अहवाल महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला हवा होता. सर्व्हरवर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये ओळ होती `0 9 1-7 * 1`. वाचायला अगदी बरोबर वाटते, पण अहवाल दर सोमवारी यायचा, शिवाय 1 ते 7 तारखेला रोज. कारण तारीख आणि वार दोन्ही रकान्यांत बंधन घातलं की क्रॉन त्यांतलं एक जुळलं तरी काम चालवतो. म्हणून वाराची तपासणी कमांडमध्ये नेली:

```
0 9 1-7 * * [ "$(date +\%u)" = 1 ] && /opt/satha.sh
```

`%u` सोमवारला 1 देतो. `%` आधीची तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर क्रॉन कमांड तिथेच तोडतो. नुसता ‘दर सोमवारी नऊला’ हवा असेल तर `0 9 * * 1` पुरतं.