पत्रकावरचा चेहरा कुणाचा?

बेळगावात डिझाइनचं काम सुरू करून मला जेमतेम आठ महिने झाले होते. खडेबाजारातल्या एका साडीवाल्या काकांनी दिवाळीसाठी पाच हजार पत्रकं सांगितली. पेपरात घालून वाटायची होती. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका मराठी नटीचा फोटो पाठवला: नथ, खोपा, हिरवी साडी. मी बिचकलो. काका म्हणाले, "घाल की रे! मुंबईची बाई हितं बेळगावचं पत्रक कशाला बघायला येत्या?"

मी घातला. पार्श्वभूमी कापली, साडीचा रंग बदलून जांभळा केला आणि वर वाटलं, आता हा फोटो आपलाच झाला.

तीन हजार पत्रकं वाटून झाल्यावर वकिलाची नोटीस आली. ती बाईंकडून आलेली नव्हती. एका दागिन्यांच्या कंपनीनं त्यांना पैसे मोजून जाहिरात केली होती आणि हा फोटो त्यातलाच निघाला. पत्रक त्या कंपनीच्या इथल्याच विक्रेत्यानं पाहिलं होतं. नोटिशीत काकांबरोबर माझंही नाव होतं, कारण खालच्या कोपऱ्यात मीच हौसेनं आपलं नाव आणि मोबाईल नंबर छापला होता.

नवीन मुलं नेमकी इथंच चुकतात. त्यांना वाटतं, चेहरा त्या माणसाचा, तो काही बोलला नाही की झालं. पण एका फोटोवर तिघांचा हक्क असू शकतो. चेहरा नटीचा, फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरचा किंवा ज्यानं पैसे देऊन तो काढून घेतला त्याचा, आणि त्या चेहऱ्यानं जाहिरात करण्याचा करार एखाद्या कंपनीशी झालेला. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या एका सराफानं तनिष्कच्या जाहिरातीतले अमिताभ आणि जया बच्चन आपल्या होर्डिंगवर लावले होते. कोर्टात गेली ती तनिष्कची मालक टायटन कंपनी, आणि 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सराफाला मनाई केली. गाव लहान, दुकान लहान, हा बचाव चालत नाही. चेहरा ओळखू येतो का, हे कोर्ट बघतं. मी साडी जांभळी केली, पण बाई ओळखू येतच होत्या. उलट रंग बदलल्यामुळे त्यांनी काकांचीच साडी नेसली आहे असं दिसत होतं, म्हणजे माझी हुशारी माझ्याच अंगाशी आली.

आम्ही उरलेली दोन हजार पत्रकं रद्दीत घातली, लेखी माफी दिली, पुन्हा वापरणार नाही असं लिहून दिलं. प्रकरण तिथंच थांबलं. छपाईचा निम्मा भुर्दंड माझ्यावर आला.

काका हार मानणारे नव्हेत. म्हणाले, "आमच्या गल्लीत नाटकात काम करणारी एक पोरगी आहे, डिट्टो तशीच दिसत्या. तिला बसवू." पोरगीला घ्यायला हरकत नव्हतीच. पण काकांना तीच नथ, तोच खोपा, मान तशीच तिरकी हवी होती. म्हणजे लोकांनी फसावं हाच हेतू, आणि मग "ही ती नव्हे" असं बारीक अक्षरात छापूनही फार उपयोग नाही. तिला तिच्याच नावानं, तिच्याच ढंगात उभी केली असती तर प्रश्नच नव्हता.

आपल्या भागात आणखी एक सवय आहे, शिवजयंतीच्या ऑफरवर महाराजांचं चित्र टाकायची. धंद्यासाठी त्यांचं, गांधीजींचं किंवा पंतप्रधानांचं चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरायला 1950 च्या कायद्यानं मनाई आहे. गिऱ्हाइकाला हे सांगताना जीभ अडखळते, पण सांगावं लागतं.

शेवटी आम्ही वडगावात एका विणकरांच्या घरी गेलो. मागावर अर्धी विणलेली साडी, त्यावर त्यांचे हात, बोटाला धाग्याचा वळ. खिडकीतल्या उजेडात मोबाईलवरच फोटो काढला. चेहरा घेतलाच नाही, तरी त्यांना विचारलं. दुसऱ्या बाजूला काकांच्या जुन्या गिऱ्हाईक, एक निवृत्त शिक्षिका, स्वतःच्या साडीत. त्यांच्याकडून साध्या कागदावर सही घेतली: कुठला फोटो (छोटी प्रत तिथंच चिकटवली), कुठं वापरणार (पत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, बाकी कुठं नाही), कधीपर्यंत, बदल्यात काय मिळणार. "फोटो काढू का?" "काढ की" एवढ्याला मी आता संमती धरत नाही, फोटो काढू देणं वेगळं आणि जाहिरातीत छापू देणं वेगळं. बाईंनी मुदत फक्त दिवाळीपुरती दिली, म्हणून संक्रांतीला पुन्हा विचारायला जावं लागलं.

स्टॉक साइटवरून फोटो घ्यायचा झाला, तर खाली Editorial use only लिहिलेलं नाही ना, हे आधी बघा. ते असेल तर तो फोटो बातमी-लेखापुरता, जाहिरातीला चालत नाही, पैसे भरले असले तरी. तसं काही नसलं, तरी मॉडेलची लेखी संमती आहे ना ते तपासा आणि लायसन्स उतरवून कामाच्या फोल्डरमध्येच ठेवा.

पत्रकावर माझं नाव अजून छापतो. काका आता फोटो पाठवताना आधी फोन करतात, "हा कुणाचा आहे ते बघून सांग."