बोट टेकवताच फोन लागावा: रत्नागिरीचा लँडलाइन नंबर दुबईहूनही

रत्नागिरीतल्या एका घरगुती निवासाचं वेब पान घेऊ. पानावर नंबर आहे ०२३५२-१२३४५६ (हा मी नमुन्यापुरता रचला आहे). गावातल्या माणसाला तो पुरतो. पण दुबईहून सुट्टीची खोली पाहणाऱ्याच्या फोनला हा भारतातला नंबर आहे हे कळायला मार्गच नाही. म्हणून लिंक देतानाच नंबर पूर्ण लिहायचा.

आधी एसटीडी कोडच्या पुढचं शून्य काढा. ते शून्य देशातल्या देशात ट्रंक कॉलसाठी असतं, नंबरचा भाग नसतं. उरलं २३५२ आणि १२३४५६. एकूण दहा आकडे भरले म्हणजे हिशेब बरोबर. पुढे अधिकचिन्ह आणि भारताचा ९१ लावा. मोबाइल नंबर मुळातच दहा आकडी असतो, तिथे फक्त +९१ जोडायचं.

आता लिंक:

```html
<a href="tel:+912352123456">+९१ २३५२ १२३४५६</a>
```

इथे एकाच ओळीत दोन नंबर आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. `href` मधला फोनसाठी आहे. त्यात आकडे इंग्रजीच हवेत. `tel:` च्या नियमांत देवनागरी आकड्यांना जागा नाही, आणि मराठी कीबोर्ड चालू असताना ते नकळत टाइप होतात, म्हणून हे मुद्दाम तपासा. तिथे मोकळी जागाही सोडू नका. `tel:` नंतर दोन तिरक्या रेघा देण्याची सवय वेबपत्त्यांवरून लागते. इथे त्या नकोत. वाचकाला दिसणारा नंबर मात्र देवनागरीत, जागा सोडून, सुटसुटीत लिहा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे +९१ (०) २३५२ असं लिहिणं. कंस नियमात बसतात, पण फोन कंसातलं शून्यही डायल करतो आणि कॉल लागत नाही. शून्य काढण्याचा नियम सगळ्या देशांना लागू नाही, हेही लक्षात असू द्या. इटलीत लँडलाइनचं शून्य परदेशातून फोन करतानाही ठेवावं लागतं. रोमचा नंबर +३९ ०६ असाच सुरू होतो. १८०० ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर मुख्यतः देशातल्या कॉलसाठी असतात, तेव्हा परदेशातल्यांसाठी शेजारी साधा नंबरही द्या.

आयफोनवरचं सफारी पानातले आकडे स्वतःहून फोन नंबर समजून लिंक करतं. कधी बुकिंग क्रमांकालाही तसंच करतं. ते थांबवायला पानाच्या `head` मध्ये ही ओळ घाला. तुम्ही स्वतः दिलेल्या `tel:` लिंक चालूच राहतात.

```html
<meta name="format-detection" content="telephone=no">
```

शेवटी पान खऱ्या मोबाइलवर उघडून लिंक दाबा. अँड्रॉइडवर सहसा डायलर उघडतो आणि नंबर भरलेला दिसतो, आयफोन आधी विचारतो. समोर +९१ आणि त्यापुढे नेमके दहा आकडे दिसले की एकदा कॉल लावून पाहा, आणि जमलं तर परदेशातल्या एखाद्या नातेवाइकालाही लावायला सांगा.