अर्निंग्स कॉलचा सारांश काढताना या चुका टाळा: गायडन्समधला ‘जर’ हरवू देऊ नका

देवगडला माझे मामा आंब्याचा हंगाम संपला की हिशेब करतात आणि उरलेले पैसे शेअरमध्ये टाकतात. तिमाही निकालांनंतर कंपन्यांचा जो तासाभराचा कॉल होतो, तो इंग्रजीतून ऐकत बसणं त्यांना आता जमत नाही. म्हणून मी रत्नागिरीहून एका पानाचा मराठी सारांश करून त्यांना पाठवतो. सेबीच्या नियमामुळे कॉलचं रेकॉर्डिंग चोवीस तासांच्या आत किंवा पुढचा बाजार उघडण्याआधी, यातलं जे आधी येईल तोवर, उपलब्ध होतं. लेखी ट्रान्सक्रिप्टला मात्र पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात. मामांना थांबायचं नसतं, त्यामुळे मी रेकॉर्डिंगवरच काम करतो.

गायडन्स म्हणजे पुढच्या विक्री-नफ्याविषयी कंपनी स्वतः देते तो अंदाज. त्याच्या बाबतीतली एका नोव्हेंबरमधली माझी चूक सविस्तर सांगतो. एमआयडीसीत कारखाना असलेली रसायनांची एक कंपनी होती. नाव सांगत नाही आणि आकडेही हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. मी लिहिलं होतं, “यंदा विक्री १८ ते २० टक्के वाढेल. व्यवस्थापनाला पूर्ण खात्री.” वाचून मामांचा फोन आला. “अरे, नव्या प्लांटाची परवानगी गावली काय? हेच्यातलो ‘जर’ खंय गेलो?” परवानगी बाकी असल्याचं आधीच्या तिमाहीच्या सारांशात मीच लिहिलेलं होतं.

रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. १८ ते २० टक्के हा आकडा सहाव्या मिनिटाला, एमडींच्या लिहून आणलेल्या भाषणात होता. त्याची अट मात्र एकेचाळिसाव्या मिनिटाला होती. एका विश्लेषकाने विचारलं, या वाढीतलं नव्या प्लांटमधून, म्हणजे नव्या ब्लॉकमधून, किती येणार? सीएफओ म्हणाले की साधारण चाळीस कोटी, ब्लॉक डिसेंबरात सुरू झाला तर, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची कन्सेंट टू ऑपरेट, म्हणजे तो चालवण्याची परवानगी, अजून यायची आहे. मी भाषण नीट लिहून घेतलं होतं आणि प्रश्नोत्तरं वरवर ऐकली होती. नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते. भाषणात आकडा मिळतो, तो कशावर उभा आहे ते प्रश्नोत्तरांत कळतं. तेव्हापासून मी कॉलचा दुसरा अर्धा भाग आधी ऐकतो.

दुसरी चूक अशी की आकडा उतरवून घेतला, पण तो गाठायला किती पल्ला उरलाय ते पाहिलं नाही. या कंपनीची मागच्या वर्षीची विक्री ५०० कोटी होती, दोन्ही सहामाहींत अडीचशे-अडीचशे. यंदा पहिल्या सहामाहीत २७० कोटी झाली, म्हणजे वाढ ८ टक्के. वर्षाला १८ ते २० टक्के वाढ म्हणजे ५९० ते ६०० कोटी. उरलेल्या सहा महिन्यांत ३२० ते ३३० कोटी व्हायला हवेत, म्हणजे मागच्या दुसऱ्या सहामाहीपेक्षा २८ ते ३२ टक्के जास्त. नव्या ब्लॉकचे चाळीस कोटी बाजूला काढले तरी जुन्या कारखान्याला १२ ते १६ टक्के वाढावं लागतं, आणि पहिल्या सहामाहीत तो वाढला होता ८ टक्के. शिवाय ते चाळीस कोटी डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांचे आहेत. विक्री दरमहा सारखी धरली आणि परवानगी दोन महिने लांबली, तर वीस कोटी गेले आणि वर्षाची वाढ १४ ते १६ टक्क्यांवर आली. हे गणित कॉलमध्ये कोणीही करून दाखवलं नव्हतं. ते करायला दहा मिनिटं लागतात आणि गुंतवणूकदाराला सारांशातून खरं तर तेच हवं असतं.

पण इथेच एक पथ्य आहे. १४ ते १६ टक्के हा माझा हिशेब, कंपनीचं विधान नव्हे. दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळले की वाचणाऱ्याला वाटतं कंपनीनेच गायडन्स कमी केलं. मी आता ‘कंपनी म्हणाली’ आणि ‘माझा हिशेब’ असे दोन वेगळे भाग ठेवतो आणि पहिल्या भागातल्या प्रत्येक आकड्यापुढे मिनिट लिहितो. दुरुस्त केलेली ओळ अशी झाली: “विक्रीवाढ १८ ते २० टक्के, पूर्ण वर्षासाठी, मागच्या वर्षाच्या तुलनेत (६ वं मिनिट). त्यातले सुमारे ४० कोटी नव्या ब्लॉकचे, तो डिसेंबरात सुरू झाला तर. चालवण्याची परवानगी बाकी (४१ वं मिनिट).” आकड्याला कालावधी, तुलनेचं वर्ष आणि अट यातलं एकही जोडता आलं नाही, तर ते ठिकाण पुन्हा ऐकायचं. फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखेच लागतात, म्हणून संशय आला की कंपनीच्या प्रेझेंटेशनशी ताडून पाहायचं.

जोखमींच्या बाबतीत लोक कॉलच्या सुरुवातीला वाचलं जाणारं निवेदन उतरवतात: भविष्याविषयीची विधानं खरी ठरतीलच असं नाही, वगैरे. ते वाक्य बहुतेक प्रत्येक कॉलला असतं आणि त्यातून या कंपनीविषयी काही कळत नाही. खरी जोखीम अनेकदा भलत्याच प्रश्नाच्या उत्तरात निसटते. या कॉलमध्ये मार्जिनविषयी विचारलं असता सीएफओ जाता जाता म्हणाले की काही मोठी गिऱ्हाइकं आता साठऐवजी नव्वद दिवसांची उधारी मागतात. मी ते मार्जिनच्या मुद्द्यात गाडून टाकलं होतं. ते जोखमीत हवं होतं, कारण विक्री वाढली तरी पैसा महिनाभर उशिरा येणार आणि तोवर खेळतं भांडवल कर्ज काढून उभं करावं लागू शकतं. उत्तर न मिळालेले प्रश्नही मी लिहितो. ‘हे ऑफलाइन घेऊ’ असं म्हटलं तर तसंच लिहायचं. त्यावर आपला तर्क चढवायचा नाही.

सूर लिहिताना ‘आत्मविश्वासपूर्ण’ किंवा ‘सावध’ अशी विशेषणं लिहिली की वाचणाऱ्याला तपासायला काहीच उरत नाही. सूर मोजायचा तर तो त्याच माणसाच्या मागच्या कॉलशी ताडून. ऑगस्टमध्ये नव्या ब्लॉकबद्दल एमडी ‘वी विल स्टार्ट’ म्हणाले होते. नोव्हेंबरात तेच ‘वी एक्स्पेक्ट टू स्टार्ट’ झालं, आणि परवानगीच्या दोन्ही प्रश्नांवर ते स्वतः न बोलता त्यांनी सीएफओंकडे बोट दाखवलं. एवढं लिहिलं की पुरे. ट्रान्सक्रिप्टमध्ये अडखळणं आणि थांबणं बऱ्याचदा साफ केलेलं असतं, म्हणून हे रेकॉर्डिंगवरच ऐकावं लागतं. पण उत्तराआधी चार सेकंद शांतता होती म्हणून लगेच काही ठरवू नका. म्यूट काढायला वेळ लागला असेल किंवा लाइन गेली असेल. पावसात आमच्याकडे फोनवर हे रोजच होतं. शब्दबदल आणि उत्तर टाळणं हेही त्याच विषयावर दिसलं तरच मी शांततेची नोंद करतो.

मामा शेवटी विचारतातच, “मगे ठेवू काय इकू?” त्याचं उत्तर मी सारांशात लिहीत नाही. घरच्या माणसासाठी फुकट लिहितोय म्हणून ठीक, पण कोणी मोबदला घेऊन घ्या-विका असा सल्ला लिहून देणार असेल तर त्याला सेबीकडे नोंदणी लागते. मी त्यांना एवढंच सांगितलं की परवानगीची बातमी एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीच्या घोषणांमध्ये येते का ते डिसेंबरभर बघत राहा. ट्रान्सक्रिप्ट आल्यावर मी एकेचाळिसावं मिनिट पुन्हा ताडून पाहिलं. चाळीसचा आकडा बरोबर होता.